उत्तर बरोबर, पण कारण काय?

आठवीच्या इंग्रजीच्या वर्गात साधा वर्तमानकाळ शिकवून झाला की त्यावरची वाक्ये मुले झटपट सोडवतात. चालू भूतकाळाचेही तसेच. मग एक दिवस सगळे काळ एकत्र केलेली कार्यपत्रिका हातात पडते आणि कालपर्यंत पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुले निम्म्यावर येतात. पालकांना वाटते, पोरगा विसरला. तो विसरलेला नसतो. आधीच्या सरावात पानाच्या माथ्यावरच काळाचे नाव छापलेले होते. कोणता काळ वापरायचा हे त्याला ठरवावेच लागले नव्हते, फक्त क्रियापदाचे रूप लिहायचे होते. मिश्र कार्यपत्रिकेत मथळा नसतो. काळ निवडायचे काम पहिल्यांदाच त्याच्या अंगावर येते.

म्हणूनच अशा कार्यपत्रिकेची उत्तरसूची नुसत्या उत्तरांची असून भागत नाही. ‘चार : हॅव लिव्ह्ड’ एवढेच लिहिले तर मूल आपले उत्तर खोडते, सूचीतले उतरवून घेते आणि पुढच्या वेळी तीच चूक करते. प्रत्येक रिकाम्या जागेपुढे एका ओळीत कारण हवे. मात्र कारण म्हणून जे लिहिले जाते ते बहुतेकदा कारण नसतेच.

सूचीत नेहमी दिसते ते असे : ‘कारण हा पूर्ण वर्तमानकाळ आहे.’ हे उत्तराचे नाव झाले. पूर्ण वर्तमानकाळच का, हा मुलाचा प्रश्न तसाच राहतो. दुसरा प्रकार जरा बरा : ‘कारण वाक्यात सिन्स आहे.’ यात निदान वाक्यातल्या एका शब्दावर बोट ठेवलेले असते. पण ‘सिन्स इट वॉज लेट, वी टुक अ रिक्षा’ या वाक्यातही सिन्स आहे आणि तिथे पूर्ण वर्तमानकाळाचा काही संबंध नाही. तिथे सिन्सचा अर्थ ‘असल्यामुळे’ एवढाच. खुणेच्या शब्दावर विसंबलेले मूल अशा वाक्यात हमखास फसते. तिसऱ्या प्रकारचे कारण असे : ‘राहणे २०१५ मध्ये सुरू झाले आणि अजून चालू आहे, म्हणून.’ इथे ‘सिन्स’ हा पुरावा आहे आणि घटनेचा काळाशी असलेला संबंध हे कारण आहे. चांगली सूची या दोन्ही गोष्टी सांगते आणि शक्य असेल तिथे मोह पाडणारे चुकीचे उत्तर का बसत नाही, तेही सांगते.

आता दहा जागांची एक कार्यपत्रिका घेऊ. वाक्याच्या शेवटी मूळ क्रियापद दिले आहे. वाचकांनी आधी स्वतः सोडवून पाहायला हरकत नाही.

१. माय ग्रँडमदर ___ अप ॲट फाइव्ह एव्हरी मॉर्निंग. – वेक
२. लिसन! समवन ___ ॲट द डोअर. – नॉक
३. डोन्ट टेल मी. आय ___ द आन्सर नाउ. – नो
४. वी ___ इन धिस हाउस सिन्स २०१५. – लिव्ह
५. आय ___ माय होमवर्क लास्ट नाइट. – फिनिश
६. आय कान्ट राइट. आय ___ माय पेन. – लूज
७. व्हेन द गेस्ट्स अराइव्ह्ड, वी ___ . – ईट
८. बाय द टाइम वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन ___ . – लीव्ह
९. इफ इट ___ टुमारो, द मॅच विल बी कॅन्सल्ड. – रेन
१०. व्हेन माय फादर वॉज अ बॉय, ही ___ टू स्कूल एव्हरी डे. – वॉक

आणि ही तिची सूची. सातवी जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे, तिच्याकडे नंतर येऊ.

१. वेक्स. रोजची सवय आहे, ‘एव्हरी मॉर्निंग’ पाहा. आजी एकटी, म्हणून शेवटी ‘एस’.
२. इज नॉकिंग. ‘लिसन!’ म्हणजे आवाज या क्षणी येतो आहे. ‘समवन’ एकवचनी, म्हणून ‘इज’.
३. नो. माहीत असणे ही स्थिती आहे, चालू असलेली कृती नव्हे. ‘नाउ’ असले तरी ‘ॲम नोइंग’ होत नाही.
४. हॅव लिव्ह्ड किंवा हॅव बीन लिव्हिंग. सुरुवात २०१५ मध्ये झाली, राहणे अजून चालू आहे. दोन्ही उत्तरे बरोबर.
५. फिनिश्ड. काम काल रात्री झाले, तो वेळही संपला. त्याच्या आधी-नंतरची दुसरी घटना वाक्यात नाही, म्हणून ‘हॅड’ नको.
६. हॅव लॉस्ट. पेन कधी हरवले हे सांगितलेले नाही; त्याचा परिणाम आत्ता दिसतो आहे, लिहिता येत नाही. ‘लॉस्ट’ लिहिले तरी चूक धरू नये.
८. हॅड लेफ्ट. भूतकाळातल्या दोन घटना. गाडी आधी सुटली, आपण नंतर पोहोचलो. आधीच्या घटनेला ‘हॅड’.
९. रेन्स. ‘इफ’ने सुरू होणाऱ्या अटीच्या भागात भविष्याची गोष्टही साध्या वर्तमानकाळात येते. ‘विल’ वाक्याच्या दुसऱ्या भागात आहेच.
१०. वॉक्ड. सवय होती, पण वडील लहान असतानाची. ‘एव्हरी डे’ पाहून ‘वॉक्स’ लिहू नये.

पहिली आणि दहावी जागा मुद्दाम जोडीने घातली आहे. दोन्हींत ‘एव्हरी’ आहे आणि उत्तरे मात्र दोन वेगळ्या काळांतली. ‘एव्हरी दिसले की साधा वर्तमानकाळ’ असे पाठ केलेले मूल दहाव्या जागी ‘वॉक्स’ लिहिते आणि मग त्याला सूचीतले कारण वाचावे लागते. एव्हरी फक्त सवय दाखवते. सवय कधीची, हे वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागातला ‘वॉज’ सांगतो. तिसऱ्या जागेतला ‘नाउ’ही तसाच. कार्यपत्रिकेत असे एखाद-दोन सापळे नसतील तर मुले वाक्य न वाचता नुसते शब्द शोधून सगळी पत्रिका सोडवतात, आणि शिक्षकाला वाटते की काळ समजले.

चौथी आणि पाचवी या दोन जागांवर मराठी घरातली मुले सर्वांत जास्त अडखळतात, आणि त्याचे कारण आपल्या बोलण्यात आहे. आपण म्हणतो, ‘आम्ही २०१५ पासून या घरात राहतो.’ सुरुवात मागची असली तरी क्रियापद सरळ वर्तमानकाळी. त्यामुळे मूल चौथ्या जागी ‘लिव्ह’ लिहिते, फार तर ‘आर लिव्हिंग’ लिहिते. त्याच्या कानाला ते पूर्ण बरोबर वाटते. इंग्रजीत मात्र सुरुवातीचा बिंदू सांगितला, आणि तिथून आजपर्यंतचा काळ मोजला, की साधा वर्तमानकाळ चालत नाही. मागचे आणि आजचे जोडणारे ‘हॅव’ लागते. सूचीत हे एका ओळीत लिहिता येते, पण फळ्यावर एक आडवी रेघ ओढून दाखवले तर लवकर उतरते. रेघेच्या डाव्या टोकाला २०१५, उजव्या टोकाला ‘आज’, आणि मधला सगळा भाग खडूने भरलेला. हा भरलेला पट्टा म्हणजे चौथी जागा. पाचव्या जागेसाठी त्याच रेघेवर ‘काल रात्र’ असा नुसता ठिपका काढायचा. ठिपक्यापासून ‘आज’पर्यंत काहीच भरलेले नाही, म्हणून तिथे ‘हॅव फिनिश्ड’ बसत नाही. ‘लास्ट नाइट’, ‘यस्टरडे’, ‘इन २०१५’ अशी संपलेली वेळ वाक्यात आली की ‘हॅव’ बाहेर.

पाचव्या जागी आणखी एक उत्तर बऱ्याच वह्यांत सापडते : ‘हॅड फिनिश्ड’. तेही मराठीतूनच आलेले असते. ‘काल मी बाजारात गेले होते’, ‘मागच्या रविवारी आम्ही मामाकडे जेवलो होतो’ असे आपण सहज बोलतो. यात ‘होते’, ‘होतो’ असले तरी दुसरी कोणतीच घटना मनात नसते. आपल्याला फक्त एक मागची गोष्ट सांगायची असते. मूल तो ‘होते’ उचलते आणि त्याच्या जागी ‘हॅड’ ठेवते. इंग्रजीतला ‘हॅड’ मात्र एकट्या घटनेला सहसा लावत नाहीत. त्याला सोबतीला नंतरची दुसरी भूतकाळी घटना लागते, मग ती त्याच वाक्यात असो की आधीच्या वाक्यात. आठव्या जागी ती आहे, ‘वी रीच्ड द स्टेशन’. पाचव्या जागी ती नाही. म्हणून सूचीत पाचव्या जागेपुढे ‘साधा भूतकाळ’ एवढे लिहून थांबायचे नाही; ‘दुसरी घटना नाही, म्हणून हॅड नको’ हे अर्धे वाक्य जोडायचेच. या अर्ध्या वाक्यासाठी शिक्षकाला मुलांच्या वह्या माहीत असाव्या लागतात.

नवव्या जागेचे दुखणेही जवळपास असेच. ‘उद्या पाऊस पडला तर सामना रद्द होईल’ असे आपण म्हणतो. उद्याची गोष्ट, तरी क्रियापद ‘पडला’. एखादे मूल या ‘पडला’वरून थेट ‘रेन्ड’ लिहिते. दुसरे मूल ‘टुमारो’ पाहते आणि ‘विल रेन’ लिहिते. दोघांची उत्तरे चुकली आहेत, पण चुकीची वाट वेगवेगळी आहे. पहिल्याला मराठीने ओढले, दुसऱ्याला खुणेच्या शब्दाने. तपासताना दोन्ही उत्तरांवर सारखीच फुली पडते; मात्र पुन्हा समजावताना दोघांना वेगळे सांगावे लागते. पहिल्याला सांगायचे की इंग्रजीत अटीच्या भागात ‘रेन्ड’ आला तर ती गोष्ट घडेलच असे बोलणाऱ्याला वाटत नाही, आणि मग पुढे ‘विल’ऐवजी ‘वुड’ येते. इथे पुढे ‘विल’ आहे, तेव्हा ‘रेन्ड’ जुळत नाही. दुसऱ्याला सांगायचे की ‘टुमारो’ अटीच्या भागात असला तरी ‘विल’ त्या भागात जात नाही.

आता सातवी जागा. ‘व्हेन द गेस्ट्स अराइव्ह्ड, वी ___’, क्रियापद ईट. पाहुणे आले तेव्हा आम्ही... काय? वर्गातली बरीच मुले ‘वेअर ईटिंग’ लिहितील, कारण ‘व्हेन’च्या दुसऱ्या बाजूला चालू भूतकाळ येतो असे त्यांनी पाठ केलेले असते. बाजारातल्या कितीतरी सूच्यांतही हेच उत्तर सापडेल. पण नीट पाहिले तर या जागी तीन उत्तरे बसतात. ‘वेअर ईटिंग’ लिहिले तर पाहुणे आले तेव्हा आम्ही ताटावर होतो. ‘एट’ लिहिले तर पाहुणे आले आणि मग आम्ही जेवलो, म्हणजे त्यांचीच वाट पाहत होतो. ‘हॅड ईटन’ लिहिले तर आमचे जेवण आधीच उरकले होते. तिन्ही वाक्ये व्याकरणाने निर्दोष आहेत. बदलते ते घरात त्या संध्याकाळी काय घडले एवढेच, आणि ते सांगणारा एकही शब्द प्रश्नात नाही.

अशा जागेपुढे एकच उत्तर आणि एकच कारण लिहिणे म्हणजे ज्या मुलाने वेगळा पण बरोबर विचार केला त्याचा गुण कापणे. शिक्षकापुढे दोन मार्ग असतात. प्रश्न छापून वाटून झाला असेल तर सूचीत तिन्ही उत्तरे त्यांच्या अर्थासह लिहायची आणि तिन्हींना पूर्ण गुण द्यायचे. प्रश्न अजून हातात असेल तर त्यातच पुरावा घालायचा. ‘सो दे सॅट डाउन अँड जॉइन्ड अस’ असे पुढे जोडले की ‘वेअर ईटिंग’ हेच उत्तर स्वाभाविक ठरते. ‘सो देअर वॉज नो फूड लेफ्ट फॉर देम’ असे जोडले की ‘हॅड ईटन’ ठरते. मग कारण लिहिणेही सोपे होते, कारण बोट ठेवायला वाक्यात जागा असते.

अशी सदोष जागा ओळखायची कशी? सूची लिहिताना प्रत्येक जागी अपेक्षित उत्तर सोडून आणखी दोन-तीन काळांची रूपे घालून पाहायची आणि प्रत्येक वेळी ते वाक्य कोणत्या अर्थाने बरोबर ठरेल का, असे स्वतःला विचारायचे. पाचव्या जागी ‘हॅव फिनिश्ड’ कोणत्याच अर्थाने बसत नाही, जागा पक्की. सातव्या जागी दुसरेही बसते, तिसरेही बसते, जागा कच्ची. ज्या जागेचे कारण लिहिताना आपण अडतो आणि शेवटी ‘हा चालू भूतकाळ आहे’ एवढेच लिहून सुटतो, ती जागा बहुधा कच्चीच असते. त्याहून सोपा उपाय म्हणजे सूची न दाखवता कोरी कार्यपत्रिका दुसऱ्या शिक्षकाला सोडवायला देणे. त्यांचे उत्तर आपल्यापेक्षा वेगळे आले आणि तेही पटण्यासारखे असले, तर दोष प्रश्नात आहे.

चौथ्या आणि सहाव्या जागीही दोन उत्तरे आहेत, पण ती सातवीसारखी नाहीत. चौथीत ‘हॅव लिव्ह्ड’ आणि ‘हॅव बीन लिव्हिंग’ यांचा अर्थ जवळपास एकच, कारण राहणे हे क्रियापदच लांबणारे आहे. दुसऱ्या क्रियापदाला हे लागू होईलच असे नाही. ‘आय हॅव रेड द बुक’ म्हटले तर पुस्तक वाचून संपले. ‘आय हॅव बीन रीडिंग द बुक’ म्हटले तर ते अजून अर्धवट असू शकते. सहाव्या जागेत फरक प्रदेशाचा आहे. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत, आणि आपल्या शाळांत तेच शिकवले जाते, अशा ठिकाणी ‘हॅव लॉस्ट’ अपेक्षित असते. अमेरिकेत ‘आय लॉस्ट माय पेन’ सर्रास म्हणतात. इंग्रजी मालिका आणि चित्रफिती पाहणाऱ्या मुलांच्या कानावर तेच पडलेले असते. त्याला चूक ठरवायचे नाही. शाळेच्या परीक्षेत कोणते लिहावे ते तोंडी सांगायचे.

राहता राहिली गुणांची गोष्ट. दुसऱ्या जागी एका मुलाने ‘नॉक्ड’ लिहिले आणि दुसऱ्याने नुसते ‘नॉकिंग’ लिहिले, तर दोघांना शून्य देणे बरे नव्हे. पहिल्याला काळच कळलेला नाही. दुसऱ्याला काळ कळला आहे, फक्त ‘इज’ राहिला. मराठीत ‘दार कोण वाजवतंय’मधल्या ‘वाजवतंय’ या एकाच शब्दात सगळे येते, म्हणून तो राहतो. प्रत्येक जागेच्या एका गुणाचे दोन अर्धे केले तर हा फरक टिपता येतो : अर्धा काळाच्या निवडीला, अर्धा रूपाच्या अचूकपणाला. पहिल्या जागी ‘वेक’ लिहिणाऱ्याला अर्धा, आठव्या जागी ‘हॅड लीव्ह्ड’ लिहिणाऱ्यालाही अर्धा. वही तपासून झाली की दोन्ही अर्ध्यांची वेगळी बेरीज करायची. निवडीचे अर्धे गेले असतील तर त्या मुलाला पुन्हा मिश्र वाक्येच द्यायची. रूपाचे अर्धे गेले असतील तर त्याने क्रियापदांची तीन रूपे पाठ करायची. त्याच्यासाठी आणखी मिश्र कार्यपत्रिका काढून उपयोग नाही.

ही सूची मुलांच्या हाती कशी द्यावी, यावरही बरेच अवलंबून असते. उत्तरे आणि कारणे एकदम दिली तर नजर उत्तरावर जाते आणि कारण वाचलेच जात नाही. त्यापेक्षा आधी फक्त कारणे द्यावीत, क्रमांकासह, उत्तराविना. ‘पाच : काम काल रात्री झाले, दुसरी घटना नाही’ एवढे वाचून मुलाने आपले उत्तर तपासावे आणि हवे तर बदलावे. उत्तरे दुसऱ्या दिवशी. कारण वाचून किती मुलांना उत्तर दुरुस्त करता आले, यावरून सूचीची परीक्षा होते. एखादे कारण वाचूनही बहुतेकांनी चुकीचेच उत्तर कायम ठेवले, तर ते कारण पुन्हा लिहायचे. आणि एखाद्या मुलाने सूचीत नसलेले उत्तर देऊन वाक्याचा सरळ अर्थ लावून दाखवला, तर त्याला गुण द्यायचा आणि त्याचे उत्तर सूचीत चढवायचे. पुढच्या वर्षीच्या कार्यपत्रिकेत मात्र त्या वाक्यापुढे, सातवीला जोडले तसे, पुराव्याचे चार शब्द जोडायचे.